लिंक्ड लिस्टमधील दुबार नोंदी काढणे

लिंक्ड लिस्टमध्ये एकच किंमत एकापेक्षा जास्त नोड्समध्ये आली असेल, तर त्यांतला एक नोड ठेवून बाकीचे लिस्टमधून सोडवून टाकण्याची ही क्रिया आहे. लिस्ट क्रमवार लावलेली असेल तर हे काम एका फेरीत आणि जवळपास कोणत्याही जादा मेमरीशिवाय होते. क्रम नसेल तर वेळ किंवा मेमरी यांपैकी काहीतरी जास्त मोजावे लागते, नाहीतर लिस्टचा मूळ क्रम सोडून द्यावा लागतो. या नोंदीत एकेरी लिस्ट गृहीत धरली आहे, म्हणजे प्रत्येक नोडला फक्त पुढच्या नोडचा पत्ता माहीत असतो.

क्रमवार लिस्टमध्ये सारख्या किमती शेजारी-शेजारीच असतात. त्यामुळे एखादी किंमत आधी येऊन गेली का, हे तपासायला फक्त लगतच्या नोडकडे पाहावे लागते. खरे तर चढता किंवा उतरता क्रम असण्याचीही गरज नाही, सारख्या किमतींचे गट एकत्र असले की पुरते. सी भाषेत ते असे लिहिता येते:

```c
Node *p = head;
while (p && p->next) {
    if (p->data == p->next->data) {
        Node *q = p->next;
        p->next = q->next;
        free(q);
    } else {
        p = p->next;
    }
}
```

`3→3→3→7→9→9` ही लिस्ट घेऊ. पहिल्या 3 वर उभे राहून दुसरा 3 काढला, तरी `p` जागेवरच राहतो. मग तिसरा 3 त्याच्या शेजारी येतो आणि तोही निघतो. त्यानंतर 7 वेगळा दिसतो म्हणून `p` पुढे सरकतो, आणि शेवटी दुसरा 9 जातो. एकूण तुलना 5 झाल्या. नोड्स n असतील तर तुलना नेहमी n−1 होतात, कारण प्रत्येक तुलनेत एकतर एक नोड निघतो किंवा `p` एक पाऊल पुढे जातो. वेळ O(n), जादा मेमरी O(1).

या कोडमधला `else` बिनमहत्त्वाचा वाटतो, पण सगळी गंमत तिथेच आहे. नोड काढल्यावरही `p` पुढे सरकवला, तर वरच्या लिस्टमधून `3→3→7→9` उरते. 9 ची जोडी नीट निघते, फक्त 3 चे त्रिकूट फसते. म्हणून दोन-दोन सारख्या किमतींवर चाचणी घेणाऱ्याला ही चूक दिसतच नाही. चाचणीत सलग तीन सारख्या किमती हव्यातच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे `free(q)` आधी करून मग `q->next` वाचणे. असा कोड बऱ्याचदा चालल्यासारखा वाटतो, आणि तेच जास्त धोक्याचे.

आता क्रम नसलेली `7→3→9→3→7→3` ही लिस्ट पाहू. 7 चा जुळा भाऊ चार पावले पुढे आहे, त्यामुळे शेजारी पाहून काही कळत नाही. इथे आजवर काय-काय दिसले हे लक्षात ठेवावे लागते, नाहीतर पुन्हा पुन्हा शोधावे लागते.

लक्षात ठेवण्यासाठी हॅश सेट वापरतात. प्रत्येक नोडची किंमत सेटमध्ये आहे का ते विचारायचे, असेल तर नोड काढायचा, नसेल तर किंमत सेटमध्ये टाकायची. सहा नोड्ससाठी सहा वेळा विचारणा होते आणि शेवटी सेटमध्ये 7, 3 आणि 9 असतात. मूळ क्रम तसाच राहतो आणि प्रत्येक किमतीची पहिली नोंद टिकते. सरासरी वेळ O(n) लागतो. मेमरी O(n) लिहिण्याची पद्धत असली तरी ती खरे म्हणजे वेगळ्या किमतींच्या संख्येवर ठरते. ती संख्या d मानली तर O(d). लाखभर नोड्समध्ये पन्नासच वेगळ्या किमती असतील तर सेट चिमुकला राहतो. मात्र O(n) ही सरासरी आहे, हमी नव्हे. बहुतेक किमती हॅश टेबलच्या एकाच कप्प्यात पडल्या, किंवा कोणी मुद्दाम तशा निवडून दिल्या, तर साध्या साखळीच्या टेबलात वेळ O(n²) पर्यंत जातो.

मेमरी अजिबात वाढवायची नसेल तर दोन पॉइंटर वापरतात. एक पॉइंटर नोडवर थांबतो आणि दुसरा तिथून लिस्टच्या शेवटापर्यंत धावत त्या किमतीचे सगळे नोड काढतो. वरच्या लिस्टमध्ये 7 साठी 5 तुलना होऊन `7→3→9→3→3` उरते, 3 साठी आणखी 3 तुलना होऊन `7→3→9` उरते, आणि 9 नंतर काहीच नसते. एकूण 8 तुलना. सहाही किमती वेगळ्या असत्या तर 15 झाल्या असत्या. म्हणजे ही पद्धत सरसकट O(n²) नाही. थांबणारा पॉइंटर प्रत्येक वेगळ्या किमतीवर एकदाच थांबतो, त्यामुळे वेळ O(nd) आहे. दुबार भरपूर असतील तर ती बरी चालते. उलट सगळ्या किमती वेगळ्या असलेल्या 1,00,000 नोड्सवर तिला 4,99,99,50,000 तुलना कराव्या लागतात, तेही एकही नोड न काढता.

तिसरा मार्ग म्हणजे आधी मर्ज सॉर्टने लिस्ट लावून घेणे आणि मग शेजारच्यांची तुलना करणे. लिस्टवर मर्ज सॉर्ट करताना फक्त दुवे बदलतात, वेगळा अ‍ॅरे लागत नाही. वेळ O(n log n) लागतो. जादा मेमरी रिकर्सिव्ह पद्धतीत O(log n) आणि खालून वर जाणाऱ्या पद्धतीत O(1). त्याच 1,00,000 नोड्सना साधारण 17 लाखांच्या आत तुलना पुरतात. पण उत्तर `3→7→9` येते, `7→3→9` नाही. मूळ क्रम परत हवा असेल तर प्रत्येक नोडचा क्रमांक जपावा लागतो. क्रमांकासाठी नोडमध्ये आधीच जागा नसेल तर पुन्हा O(n) मेमरी गेली, आणि मग हॅश सेटच सोपा पडला असता.

n log n चा हा अडसर सॉर्टिंगच्या निवडीमुळे आलेला नाही. दिलेल्या किमतींमध्ये दोन सारख्या आहेत का, एवढे ठरवायलाही सर्वांत वाईट स्थितीत Ω(n log n) पायऱ्या लागतात, हे संगणकशास्त्रज्ञ मायकेल बेन-ओर यांनी 1983 मध्ये बीजगणितीय निर्णयवृक्षांसाठी, म्हणजे किमतींवर बेरीज-गुणाकारासारखी गणिते करून त्यांच्या निकालानुसार पुढची वाट निवडणाऱ्या पद्धतींसाठी, दाखवले. केवळ तुलनांवर चालणारी पद्धतही यातून सुटत नाही. हॅशिंग सुटते, कारण ते किमतींची तुलना करत बसण्याऐवजी किमतीवरूनच तिची जागा काढते.

दोन्ही प्रकारांची सरमिसळ झाली की चूक गुपचूप राहते. क्रमवार लिस्टसाठीचा कोड `7→3→9→3→7→3` वर चालवला तर तो न कुरकुरता तीच लिस्ट परत देतो. सी++ मधले `std::list::unique` आणि युनिक्समधली `uniq` कमांड दोन्ही फक्त लगतचे दुबार काढतात, म्हणून `uniq` च्या आधी `sort` लिहिलेले दिसते. स्वतःच्या कोडमध्ये लिस्ट चढत्या क्रमाची असल्याचे गृहीत असेल, तर `else` मध्ये जाताना पुढची किंमत लहान आहे का एवढे तपासावे. ही तपासणी त्याच फेरीत होते, O(n) बदलत नाही, आणि वरच्या लिस्टमध्ये ती पहिल्याच पावलाला, 7 नंतर 3 आल्याबरोबर, चूक पकडते.