मोकळ्या प्रश्नांची यंत्राने लिहिलेली उत्तरं आम्ही कशी ओळखतो

ऑनलाइन सर्वेक्षणात मानधन असलं की ते उकळण्यासाठी बॉट येतात. पूर्वी मोकळ्या प्रश्नाखाली, म्हणजे जिथे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं तिथे, ते ‘छान’, ‘चांगलं’ एवढंच टाकून जात, त्यामुळे पकडणं सोपं होतं. आता भाषा सफाईदार असते, म्हणून नुसतं उत्तर वाचून आम्ही निकाल देत नाही.

‘एआय ओळखणारं सॉफ्टवेअर वापरा ना’, असं ग्राहक सुचवतात. ओपनएआय कंपनीने असं साधन 2023 मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राचा 26 टक्के मजकूर ओळखला आणि माणसांचा 9 टक्के मजकूर यंत्राचा ठरवला. याच प्रमाणात चूक झाली, तर 500 खऱ्या माणसांपैकी 45 जणांचं म्हणणं विनाकारण फेकलं जाईल. आम्हाला ते मान्य नाही.

म्हणून उत्तर चौकटीत कसं आलं, हे आम्ही आधी बघतो. समजा, प्रश्न आहे, ‘तुम्ही हे ॲप वापरणं का थांबवलं?’ साठ शब्दांचं उत्तर 9 सेकंदांत आलं, एकही कळ दाबलेली नाही, सगळा मजकूर एकदम पेस्ट झाला. संशय येतो, पण एवढ्यावर उत्तर वगळत नाही. कुणी आधी नोट्समध्ये लिहून ते इथे चिकटवतं, कुणी बोलून टाइप करतं.

मग त्याच सुमारास आलेली उत्तरं शेजारी ठेवतो. आणखी तीन उत्तरं तशीच निघतात: सुरुवात ‘एकूणच ॲप उपयुक्त असले तरी’, पुढे तीच तीन कारणं, त्याच क्रमाने. माणसं सहसा एकच कारण सांगतात, तेही मध्येच तोडून. शेवटी त्याच व्यक्तीची बाकीची उत्तरं तपासतो. पर्यायांच्या प्रश्नात ‘ॲपवरून कधीच पैसे भरले नाहीत’ आणि इथे परतावा उशिरा मिळाल्याची तक्रार! तिन्ही खुणा जुळल्या की ते उत्तर बाजूला जातं.

पानावर माणसाला न दिसणारी एक चौकटही असते. पानाचा कोड वाचून उत्तरं भरणारा बॉट ती भरतो. मात्र दृष्टिहीन व्यक्तीचं स्क्रीन रीडर ती वाचून दाखवू शकतं आणि ब्राउझरही ती आपोआप भरू शकतो. पहिली अडचण टाळण्यासाठी ती चौकट स्क्रीन रीडरपासूनही लपवावी लागते. भरलेली सापडली तरी आम्ही ती एक खूण म्हणूनच धरतो.

अक्षर अक्षर टाइप करणारे, मध्ये थांबणारे, खोडणारे बॉटही आता बनवता येतात. त्यांच्यापुढे वेळेची नोंद निकामी ठरते. मग भिस्त उरते ती उत्तरांच्या आपसांतल्या तुलनेवर आणि मुळात लोक कुठून बोलावले यावर. सगळ्यांसाठी खुली लिंक स्वस्त पडते, पण एका माणसाला एकदाच चालणारी लिंक आम्ही आग्रहाने सुचवतो.

उत्तरं वगळण्याचे नियम निकाल बघण्याआधी तुमच्याशी बोलून ठरतात. नंतर ठरवले, तर न आवडलेली उत्तरंच बॉटची वाटू लागण्याचा धोका असतो. वगळलेलं प्रत्येक उत्तर कारणासह वेगळ्या फाइलमध्ये तुम्हाला मिळतं. एखादं खऱ्या माणसाचं वाटलं, तर कळवा. आम्ही ते पुन्हा तपासू.