उकडा, ब्राऊन की पांढरा? दोन वेळा भात खाणाऱ्या घरासाठी

नागपुरात महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या घरी चार जण आहेत आणि दोन्ही वेळा वरण-भात लागतोच. गेल्या महिन्यात त्याचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आला, वहिनीचा ५.९, म्हणजे दोघंही प्रीडायबेटिक (५.७ ते ६.४ ही ती रेंज). लगेच कोणीतरी सांगितलं की भात शिजवून वरचं पाणी ओतून द्या, साखर निघून जाते. नाही जात हो! पाण्यात थोडा स्टार्च जातो, बाकी सगळा दाण्यातच असतो. आणि "शुगर फ्री तांदूळ" असं पाकिटावर लिहून विकतात ना, ते तर घेऊच नका, तांदूळ म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त स्टार्चच असतो.

ब्राऊन म्हणजे फक्त टरफल काढलेला, कोंडा तसाच ठेवलेला. त्यात फायबर आहे, पचन थोडं हळू होतं, चांगलाच आहे. पण शिजायला वेळ लागतो, कोंड्यातल्या तेलामुळे काही महिन्यांत खवट होतो आणि घरातली म्हातारी माणसं तो नीट खात नाहीत. मऊ व्हावा म्हणून फुटेपर्यंत शिजवला तर फायदाही कमी होतो.

मला खरं कौतुक उकड्याचं वाटतं (गोंदियाकडचे मिलवाले त्याला उसना म्हणतात). यात धान टरफलासकट भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात. आता दाण्याच्या आत काय होतं बघा. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात, सरळ लांब ती अमायलोज आणि फांद्या फुटलेली ती अमायलोपेक्टिन. वाफेने दोन्ही उलगडतात, पण दाणा थंड होऊन वाळायला लागला की सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जातात, काड्यांची मोळी बांधावी तशा. फांद्यावाल्यांना तसं घट्ट बसता येत नाही, त्यांची रचना भात पुन्हा गरम केला की मोडते. अमायलोजची मोळी मात्र १०० अंशाच्या उकळत्या पाण्यातही सुटत नाही, तिला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं, म्हणून ती शिजल्यावरही बरीचशी टिकते आणि पोटातल्या एन्झाइमला तिथे शिरायला वेळ लागतो. शिवाय वाफवताना कोंड्यातलं बी१ जीवनसत्त्व दाण्यात सरकतं, त्यामुळे पॉलिश केल्यावरही बरंच उरतं.

पण दोन अटी आहेत. जातीत अमायलोज भरपूर हवं, म्हणजे शिजल्यावर दाणा मोकळा राहणारी जात, चिकट मऊ भाताची नाही. आणि वाफ जोरदार हवी. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात २७ टक्के अमायलोजचा एकच बांगलादेशी तांदूळ टाइप २ डायबेटिस असलेल्यांना तीन प्रकारे दिला होता. खाल्ल्यावर साखर किती चढते त्याचा आकडा म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, तो न उकडलेल्याचा ५५, साध्या पद्धतीने उकडलेल्याचा ४६, प्रेशरने उकडलेल्याचा ३९ (व्हाईट ब्रेड १०० धरून). म्हणजे प्रेशरवाल्यात साधारण ३० टक्के घट, आणि साध्या उकड्याचा फरक इतका थोडा की तो पक्का म्हणता येत नाही. इतवारीत उकडा घेताना दाणा पिवळसर, काचेसारखा आणि कडक आहे का ते बघा, मधे खडूसारखा पांढरा ठिपका असेल तर वाफ आतपर्यंत पोचलेली नाही. आंबूस वास म्हणजे भिजवणं लांबलं.

आता भावाच्या घरचं गणित. दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे माणशी एका वेळी ७५ ग्रॅम कच्चा, त्यात साधारण ५८ ग्रॅम कार्बोहायड्रेट. तोच ५० ग्रॅम केला की ३९ वर येतो, म्हणजे एक तृतीयांश कमी. बघा, प्रेशरच्या उकड्याने सगळ्यात चांगल्या बाबतीत जेवढं मिळतं साधारण तेवढंच नुसत्या काट्यावर मोजून २५ ग्रॅम कमी केल्याने मिळतं, आणि जात अनुकूल नसेल तरी मिळतं. म्हणून त्यांना मी सांगितलं की सगळ्यांसाठी मोकळ्या दाण्याचा उकडा आणा, माणशी ५० ग्रॅम, कुकरला ढीगभर शिट्ट्या नको, आणि कमी झालेल्या भाताच्या जागी वरण घट्ट करा आणि भाजी वाढवा. ब्राऊन ज्याला आवडतो त्याने खावा, पण अर्धा किलोच आणावा.

खरंच फरक पडतो का ते ग्लुकोमीटरवर बघता येतं. पहिला घास घ्यायच्या आधी आणि त्यानंतर दोन तासांनी मोजायचं, वरण-भाजी तीच, तांदूळ कच्चा तोलून तेवढाच, जेवणानंतर चालणं असेल तर रोज किंवा कधीच नाही. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चूक चालते, म्हणजे १५० दाखवलं तर खरी १३० ते १७० काहीही असू शकते, म्हणून एका दिवसाच्या १० पॉइंटच्या फरकावर विश्वास ठेवायचा नाही. पांढऱ्याचे चार दिवस, उकड्याचे चार दिवस, आणि मग दोन्ही तांदळांची सरासरी. वहिनीने वहीत तारखा आखून घेतल्यात, सोमवारपासून पांढरा सुरू.