केशरी साल म्हणजे टिकाऊ भोपळा?

“दादा, दोन भोपळ्यांचे फोटो पाठवलेत. पूर्ण केशरी झालेला जास्त टिकतो ना? तोच पावसाळ्यासाठी ठेवते, हिरवट आधी संपवते.”

ताई, उलट करा. रंगावरून फार तर पिकणं कळतं, टिकणं नाही. काही जातींची साल तर पिकल्यावरही हिरवट राहते. शिवाय पडवीतल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत कुठलाही भोपळा आहे त्याहून जास्त केशरी दिसतो.

आधी देठ बघा. तुमच्या केशरी भोपळ्याचा देठ बुडापासून तुटलाय. तिथल्या खळग्याभोवती काळपट, ओलसर चकाकणारं कडं दिसतंय. बुरशी अशाच उघड्या जखमेतून आत जाते आणि साल चांगली दिसत असतानाच गर पाणचट होतो. तिथे अंगठ्याने दाबून बघा, कारण मऊपणा फोटोत कळत नाही. दबलं तर आजच कापा. गराला आंबूस वास आला तर टाकून द्या.

हिरवटाचा देठ चार बोटं लांब, सुकून बुचासारखा कडक झालाय. त्याच्या पोटावरचा फिकट पिवळा डाग कुजका नाही, भोपळा जमिनीला टेकला होता तिथे ऊन लागलं नाही इतकंच. कूज असती तर डाग खचून त्याच्या कडेला सावली दिसली असती. नखाने साल टोचून बघा. नख रुतलं नाही तर साल मुरली आहे. रुतलं तर दहाएक दिवस कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवा.

मग तो माळ्यावर पेंढ्यावर ठेवा, दुसऱ्या भोपळ्याला टेकवू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात मुरलेला भोपळाही बिघडू शकतो, म्हणून दर आठवड्याला उलटून बघा.