पी-वनचा भाव का पडला

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या सपोर्ट डेस्कवर सकाळच्या शिफ्टला बसलं की रांगेत सगळी तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, लाल दिसतात. प्रिंटर चालत नाही, पी-वन, म्हणजे सगळ्यांत वरची प्रायॉरिटी. पासवर्ड विसरला, पी-वन. सर्व्हर खरोखर बसलाय, तोही पी-वन. हे एका रात्रीत झालेलं नाही.

तातडीची प्रतवारी आपल्याकडे जुनीच आहे. ट्रंक कॉलच्या काळात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार होते. अर्जंटला दुप्पट दर पडे, लाइटनिंगला आठपट. कुणी मावशीच्या ख्यालीखुशालीसाठी लाइटनिंग कॉल लावत नसे. तिकिटाच्या फॉर्मवर मात्र 'क्रिटिकल' निवडायला 'लो'इतकाच एक क्लिक लागतो.

प्रायॉरिटी कशी काढायची याची रीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या सरकारी आयटी यंत्रणेत आकाराला आलेल्या आयटिल या चौकटीतून आली. तिच्यात प्रायॉरिटी कुणी निवडायची नसते. ती इम्पॅक्ट, म्हणजे फटका किती जणांना बसतो, आणि अर्जन्सी यांच्या जोडीतून निघते. दोन्ही हाय असतील तर पी-वन, एक हाय आणि एक लो असेल तर पी-थ्री, दोन्ही लो असतील तर पी-फाइव्ह.

सगळा घोळ 'अर्जन्सी' या शब्दात आहे. चौकटीतला अर्थ असा, की हे असंच राहिलं तर नुकसान किती वेळाने सुरू होईल. फोन करणारा मात्र तो 'मला किती घाई आहे' असा ऐकतो. पगाराचं सॉफ्टवेअर १० तारखेला बंद पडलं आणि पगार महिनाअखेरीस आहेत, तर इम्पॅक्ट हाय, कारण सगळ्या कंपनीचा प्रश्न आहे. पण अर्जन्सी लो, म्हणून पी-थ्री. तोच बिघाड २९ तारखेला आला की सरळ पी-वन. आता ठाण्याच्या ऑफिसातल्या एकाच माणसाचा लॅपटॉप बंद पडलाय आणि दुपारी तीनला त्याला टेंडर भरायचंय. इम्पॅक्ट लो, अर्जन्सी हाय, म्हणजे पुन्हा पी-थ्री. या दोघांना एकाच पायरीवर बसवलेलं लोकांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही.

पुढे आउटसोर्सिंगचे करार आले आणि प्रत्येक पायरीला घड्याळ लागलं. पी-वनला पंधरा मिनिटांत प्रतिसाद आणि चार तासांत तोडगा, पी-थ्रीला दोन-तीन दिवस, असा साधारण मसुदा असे. त्यातच सेल्फ-सर्व्हिस पोर्टल आलं आणि प्रायॉरिटीचा रकाना फोन करणाऱ्याच्या हातात गेला. चूक झाली ती इथे. पी-थ्री टाकलेलं तिकीट तीन दिवस पडून राहतं, हे एकदा कळल्यावर कुणीही शहाणा माणूस पुढच्या वेळी पी-वनच टाकणार. त्यात लबाडी कसली?

मी ज्या डेस्कवर होतो तिथे एका तिमाहीत आम्ही पी-वन आणि पी-थ्री बंद व्हायला लागलेला वेळ शेजारी शेजारी मांडला. दोन्ही दीड दिवसाच्या आसपास निघाले. लेबल निकामी झाल्याची याहून सोपी खूण नाही. रंग वेगळे दिसत होते, रांग एकच होती.

मग वाद झाला तो रकाना काढून घेण्यावरून. क्लायंटचं म्हणणं होतं, पैसे आम्ही देतो, प्रायॉरिटी आम्हीच ठरवणार. शेवटी रकाना गेला आणि जागी तीन प्रश्न आले: किती जणांचं काम थांबलंय? दुसऱ्या मार्गाने काम होतंय का? कधीपर्यंत चालवून घेता येईल? उत्तरांवरून पायरी सिस्टीम ठरवू लागली. तरीही पी-वनच हवा असेल तर विभागप्रमुखाने स्वतः फोन करायचा, बिघाड सोडवणारे सगळे एकत्र असतात त्या ब्रिज कॉलवर हजर राहायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या आढाव्यात कारण सांगायचं. लाइटनिंग कॉलचा आठपट दर परत आला म्हणा, फक्त पैशांऐवजी वेळेत. पी-वन आठवड्याला बोटांवर मोजण्याइतके उरले.

फुगवटा मात्र दुसऱ्या प्रश्नात शिरला. 'दुसरा मार्ग' या रकान्यात सगळेच 'नाही' टिक करू लागले. तळोज्याच्या गोदामातून लेबल प्रिंटर बंद असल्याचं तिकीट आलं, ट्रक भरायचे थांबलेत म्हणून. शेजारच्या डॉकवरचा प्रिंटर चालू होता. तेव्हापासून प्रश्न बदलला: शेजारच्या प्रिंटरवर लेबल काढून पाहिलं का? 'नाही' म्हणणाऱ्याला आधी ते करायला लावायचं, मग पायरी.

उलटी खोटही होती, ती सपोर्टवाल्यांच्या बाजूची. पी-वन चुकला की दंड, म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमारास काही तिकिटं हळूच पी-टू व्हायची. त्यावर उपाय एवढाच निघाला, की पायरी उतरवताना कारण लिहायचं आणि ते फोन करणाऱ्याला मेलवर दिसायचं. तेवढ्याने बरंच थांबलं. जे थांबलं नाही ते व्हॉट्सअॅपवर येत राहिलं: 'पी-थ्री टाकलाय रे, पण जरा आधी बघ ना.'