माइंड मॅपचा पायरीवार आराखडा

हाताने काढलेल्या माइंड मॅपच्या फोटोवरून, फांद्यांची नाती आणि रंगांचे अर्थ सांभाळत, पायरीपायरीने आत सरकवलेल्या ओळींत केलेली मांडणी. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुले मित्राच्या वहीतल्या अशा नकाशाचा फोटो घेऊन हे काम अनेकदा करतात.

फोटो दिवसाउजेडी, बरोबर वरून घ्यावा. फ्लॅशने जेल पेनाची शाई चमकते आणि पिवळ्या दिव्याखाली लाल-नारिंगी एकसारखे दिसतात. कोपऱ्यातली रंगसूची फोटोत आलीच पाहिजे.

उदाहरणादाखल १९६१च्या पानशेत पुराचा नकाशा घेऊ. सूचीप्रमाणे लाल म्हणजे कारण, निळा म्हणजे तारीख, हिरवा म्हणजे तपासायचे. ‘पाणीटंचाई’ हा शब्द जागा संपल्याने ‘पुनर्वसन’ फांदीवरच्या ‘गोखलेनगर’शेजारी, कडेला कोंबलेला आहे. जवळ दिसतो म्हणून तो पुनर्वसनाखाली टाकणे ही नेहमीची चूक. शब्दापासून रेघेवर बोट ठेवून मध्याकडे मागे यावे. बोट ‘शहर’ या फांदीवर पोहोचते. शब्दाचे घर रेघ ठरवते, शेजार नव्हे.

रंगांत खरी गोम आहे. ‘शहर’ची अख्खी फांदी, रेघेसकट, नारिंगी आहे. हा फांदीचा रंग. ओळ आत सरकवली की त्याचे काम संपते, तो सोडून द्यावा. अर्थाचा रंग मात्र वेगवेगळ्या फांद्यांवर तुरळक शब्दांनाच लागतो, आणि तो शब्दांत लिहावा लागतो. हा फरक न कळल्याने ‘पेठांत पाणी’ हा परिणाम लाल समजून ‘कारण’ म्हणून उतरवला जातो.

```
पानशेतचा पूर
  धरणे
    पानशेत फुटले [कारण] [तारीख: १२ जुलै १९६१]
    खडकवासला फुटले [कारण] → पाणीटंचाई
  शहर
    पेठांत पाणी
    पाणीटंचाई [तपासा]
  पुनर्वसन
    गोखलेनगर [तपासा]
```

खडकवासल्यातूनच शहराला पाणी येत असे, म्हणून तिथून टंचाईकडे बाण आहे. असा आडवा बाण नवी पायरी होत नाही; मूळ ओळीच्या शेवटी त्याची खूण येते.

पडताळणी मोजून होते. निव्वळ फांद्यांच्या नकाशात रेघा शब्दस्थानांपेक्षा एकने कमी असतात. वरील नकाशात स्थाने ९ (तारीख त्याच शब्दाला चिकटलेली, म्हणून वेगळी नाही), तर रेघा ८ हव्यात. फोटोत ९ भरतात. जास्तीची १ म्हणजे तो बाण. बाण सोडून ७च भरल्या तर एखादी पुसट रेघ फोटोत हरवली आहे, किंवा एखादा शब्द सुटा लिहिलेला आहे.

एकाच शब्दाला दोन फांद्यांतून सारख्याच जाडीच्या रेघा आल्या आणि बाण कुठेच नसला, तर आराखड्याची पंचाईत होते, कारण त्यात एका ओळीला एकच घर असते. अशा वेळी नकाशा काढणाऱ्यालाच विचारावे. तो सापडत नसेल तर शब्द एका फांदीखाली ठेवून दुसरीखाली ‘पाहा’ अशी ओळ द्यावी.