अनिल (व्यक्तिनाम)

अनिल हे मुलाचे संस्कृत नाव. अर्थ वारा. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी घरांत हे नाव एका पिढीत फार ठेवले गेले. भाऊ असला तर तो बहुधा सुनील. इथे एकच नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांत लिहिले जाते, आणि लिपी बदलताना ‘नि’वरची वेलांटी किंवा शेवटचा ‘अ’ इकडेतिकडे झाला की शब्द दुसराच होतो. अनिल, अनील आणि अनल हे तीनही संस्कृतात अर्थ असलेले, वेगवेगळे शब्द आहेत, आणि अनिला हे मुलीचे नाव.

मूळ धातू ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे. ‘प्राण’ शब्दात तोच धातू आहे. त्याला ‘इल’ प्रत्यय लागून अनिल झाला, म्हणून ‘नि’ ऱ्हस्व. अमरकोशात वाऱ्याच्या नावांत तो वायू, पवन, समीर, मारुत यांच्या पंक्तीत येतो. ईशावास्योपनिषदात मरणाऱ्याचा प्राण अमर वाऱ्यात मिसळावा अशी प्रार्थना आहे, तिथेही ‘वायुरनिलममृतम्’ असाच शब्द आहे. नुसती झुळूक एवढाच अर्थ धरला तर या नावाचा निम्मा भाग हातातून सुटतो. ते श्वासाचे नाव आहे.

वेलांटी गेली की ‘अनल’ उरतो, म्हणजे अग्नी. परंपरेने त्याची एक फोड ‘न अलम्’ अशी सांगतात: ज्याला कधी पुरेसे होत नाही तो. गीतेत कामाला, म्हणजे वासनेला, ‘दुष्पूर अनल’ म्हटले आहे, ते याच अंगाने. महाभारतातल्या आठ वसूंत अनिल आणि अनल हे दोघे भाऊ आहेत, आणि अमरकोशात अग्नीचे एक नाव ‘वायुसख’, वाऱ्याचा सखा, असे आहे. विष्णुसहस्रनामात तर दोन चरण जवळजवळ सारखे येतात: एकीकडे ‘पवनः पावनोऽनलः’, पुढे बऱ्याच अंतराने ‘पर्जन्यः पावनोऽनिलः’. पाठ म्हणणाऱ्याची जीभ इथे हमखास घसरते. पहिल्या जागी अग्नी आहे, दुसऱ्या जागी वारा, आणि दोन्ही विष्णूचीच नावे असल्यामुळे चूक कानाला खटकतही नाही.

वेलांटी दुसरी दिली की ‘अनील’. हा ‘अ’ नकाराचा: नील नव्हे तो, म्हणजे पांढरा. ‘अनीलवाजी’ म्हणजे पांढऱ्या घोड्यांचा, अर्जुन. शब्द शुद्ध आहे, पण त्यात वाऱ्याचा मागमूसही नाही. सुनीलचे उलट आहे. तो सु आणि नील मिळून झालेला, गडद निळा, म्हणून त्याची ‘नी’ दीर्घच हवी. ‘सुनिल’ला संस्कृतात अर्थ लागत नाही. दोघा भावांची नावे एका पत्रिकेवर छापताना जोडी जमावी म्हणून दोन्हीकडे सारखी वेलांटी दिली जाते, आणि मग दोघांपैकी एकाचे नाव बिघडतेच. ‘अनिल–सुनील’ असे लिहिलेले डोळ्यांना विजोड दिसते, पण तेच बरोबर आहे.

‘अनील’ लिहिणारा निष्काळजी असतो असे नाही. मराठी कान त्याला तिकडे नेतो. मराठी बोलताना शेवटचा ‘अ’ गळतो आणि त्याच्या आधीचा इकार लांबतो. विहीर, वकील, गरीब हे शब्द आपण लिहितोही तसेच, कारण मराठी अकारान्त शब्दांतला उपान्त्य इकार दीर्घ लिहायचा असा नियमच आहे. तत्सम शब्दांना त्यातून सूट आहे, म्हणून गणित ऱ्हस्व, कठीण दीर्घ. अनिल तत्सम आहे, पण रोजच्या तोंडातले नाव कुणी तत्सम म्हणून तपासत नाही.

शेजारच्या कन्नड माणसाचा उच्चार इथे उपयोगी पडतो. तो शेवटचा ‘अ’ सोडत नाही. अ-नि-ल, तीनही अक्षरे ऱ्हस्व, मूळ संस्कृतासारखी. शंका आली तर बेळगावच्या खडेबाजारातल्या कन्नड दुकानदाराला नाव उच्चारायला सांगावे, वेलांटी ऐकू येते. मात्र त्याच्या डोक्यात वारा येईलच असे नाही. कन्नडमध्ये वाऱ्याचा रोजचा शब्द ‘गाळि’, आणि ‘अनिल’ हा आजच्या व्यवहारात गॅससाठी वापरतात. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे ‘अडुगे अनिल’. मराठीने गॅससाठी वाऱ्याचाच दुसरा शब्द घेतला, वायू. दोन्ही भाषांनी एकाच पंक्तीतून शब्द उचलला, फक्त कन्नडने उचललेला इथल्या माणसांचे नाव निघाला.

कन्नड लिपीत धोका वेगळा. तिथे ‘न’च्या डोक्यावर तलकट्टु नावाची छोटी खूण असते. ‘नि’ करताना तिच्या जागी गुडिसु, म्हणजे बंद गोल, येतो. ‘नी’ करायला त्याच्याच शेजारी दीर्घाची शेपटी जोडतात. अक्षर घाईचे असेल, रंग उडाला असेल किंवा झेरॉक्स फिकी असेल तर गोल उघडा दिसतो आणि अनिलचा अनल होतो. ‘नि’ आणि ‘न’ यांतला फरक देवनागरीत काना-वेलांटीइतका ठळक असतो, कन्नडमध्ये तो अक्षराच्या माथ्यावर दाण्याएवढ्या जागेत असतो.

सगळ्यात लांबचा घोटाळा रोमनमधून होतो. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला, आणि कन्नड लिपी कागदोपत्री वाढत गेली. आता एका मुलाच्या नावाचा प्रवास पाहा. घरात अनिल. शाळेच्या कन्नड दाखल्यात लेखनिक तीन अक्षरे लिहितो, शेवटी पायमोड देत नाही. कन्नड वाचकाला ते बरोबरच वाटते. पुढे त्यावरून कुणी अक्षराला अक्षर लावून रोमन करतो आणि Anila लिहितो. तो कागद पुण्याला किंवा कोल्हापुरात मराठी यादीत उतरवताना शेवटचा a पाहून ‘अनिला’ होते, आणि अनिला हे मुलीचे नाव आहे. एकाही टप्प्यावर कुणी त्या त्या लिपीच्या रीतीबाहेर गेलेला नाही. तरी मुलाची मुलगी झाली.

Anil लिहिले तर हा प्रश्न टळतो, पण रोमनमध्ये i ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही, म्हणून परत देवनागरीत येताना अनिल आणि अनील दोन्ही शक्य राहतात. दीर्घ दाखवायला काही जण Aneel लिहितात. अर्थ वारा हवा असेल तर ते स्पेलिंग नको. कन्नडमध्ये शेवटच्या ‘ल’ला पायमोड द्यावा, म्हणजे रोमन करणारा a जोडत नाही. कन्नड घरातल्या अनिलला पायमोडाची गरज नाही, कारण त्याच्या घरी हाक मारतानाही शेवटचा ‘अ’ उच्चारतात.