आयफेलचे गोळे आणि प्रांटलची तार

गुस्ताव्ह आयफेल म्हटलं की आपल्याला तो मनोराच आठवतो. पण उतारवयात या माणसाचा सगळा जीव वाऱ्यात अडकला होता. ऐंशीच्या घरात असताना, 1912 साली, त्यांनी पॅरिसच्या ओतेय भागात वाताचा नवा बोगदा उभारला आणि गुळगुळीत गोळ्यांवर वाऱ्याचा किती जोर येतो ते मोजलं. आकडे आले ते विचित्र. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर गोळ्याचा ड्रॅग गुणांक, म्हणजे वेग आणि आकार यांचा हिशेब बाजूला काढून उरणारं वाऱ्याच्या ओढीचं प्रमाण, एकदम कोसळायचा. गोळा जितका मोठा, तितका हा टप्पा कमी वेगाला यायचा.

तिकडे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या प्रयोगशाळेत याच प्रकारच्या गोळ्यांसाठी आलेला गुणांक आयफेलच्या दुपटीहूनही जास्त होता. दोन्हीकडची माणसं मोजमापात मुरलेली, त्यामुळे पहिली शंका समोरच्याच्या चुकीची आली. प्रत्यक्षात दोघेही बरोबर होते. गॉटिंगेनचा बोगदा मंद होता, आयफेलचा वेगवान. एकाने त्या टप्प्याच्या अलीकडचा गोळा मोजला होता, दुसऱ्याने पलीकडचा. आज गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात, हा प्रश्न याच भांडणातून सुटतो. त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

1752 मध्ये झाँ दालांबेर यांनी एक अडचणीचं गणित छापलं. चिकटपणा अजिबात नसलेला द्रव एखाद्या वस्तूला वळसा घालून गेला, तर त्या वस्तूवर प्रवाहाच्या दिशेने काहीच बल येत नाही. दंडगोल घेतला तर हे हाताने करून पाहता येतं. समोरच्या टोकाला प्रवाह थांबतो, तिथे दाब सर्वांत जास्त. बाजूंकडे जाताना वेग वाढत जातो आणि समोरच्या टोकापासून नव्वद अंशाला मूळ वेगाच्या दुप्पट होतो, तिथे दाब सर्वांत कमी. मग मागच्या अर्ध्या भागात वेग उतरतो, दाब पुन्हा चढतो आणि मागच्या टोकाला पुढच्याइतकाच होतो. पुढून जेवढा रेटा, मागूनही तेवढाच. बेरीज शून्य. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेच्या पुलावर उभं राहून खाली बघितलं तरी कळतं की असं काही होत नाही. खांबाच्या पुढे पाणी फुगलेलं असतं आणि मागे खळखळणारा, भोवऱ्यांचा पट्टा लांबपर्यंत गेलेला असतो.

दीडशे वर्षं गणितवाले एका बाजूला आणि पाण्याची कामं करणारे इंजिनियर दुसऱ्या बाजूला, असा कारभार चालला. ऑगस्ट 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एकोणतीस वर्षांच्या प्रांटल यांनी त्यावर एक छोटा निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं, की हवेचा किंवा पाण्याचा चिकटपणा फार थोडा असला तरी पृष्ठभागाला लागून असलेल्या पातळ थरात तो निर्णायक ठरतो. पृष्ठभागावर वेग शून्य असतो आणि त्या थराच्या बाहेरच्या काठाला पूर्ण. हाच बाउंडरी लेअर.

आता दंडगोलाकडे परत या. पुढच्या भागात दाब उतरत जातो, म्हणून थराला मागून ढकलणारं बल मिळत राहतं. मागच्या भागात दाब चढत जातो, म्हणजे प्रवाहाला चढण लागते. बाहेरच्या हवेने वाटेत वेग कमावलेला असतो, त्यावर ती चढण पार करू शकते. पृष्ठभागालगतच्या हवेचा वेग मात्र घर्षणाने आधीच खाल्लेला असतो. ब्रेक घासत असलेली सायकल उतारावरून सोडली की समोरच्या तेवढ्याच चढावर ती पोचत नाही, मध्येच थांबते आणि मागे घसरते. तसंच इथे होतं. लगतची हवा थांबते, उलट्या दिशेने वाहू लागते आणि मागून येणारा थर पृष्ठभाग सोडून बाहेर फेकला जातो. हे विलगन. त्यानंतर मागे दाब चढायचा राहूनच जातो. पुढून रेटा आहे, मागून साथ नाही. दंडगोलाचा किंवा चेंडूचा बहुतेक ड्रॅग हा असा दाबातल्या फरकाचा असतो, घर्षणाचा वाटा फारच लहान.

यातली मला आवडणारी गोष्ट प्रांटल यांचे विद्यार्थी कार्ल हीमेन्झ यांच्या 1911 च्या कामातली आहे. दालांबेरच्या पद्धतीचा आदर्श दाब गृहीत धरून बाउंडरी लेअरचं गणित केलं, तर विलगन शंभर अंशांच्या पुढे येतं, म्हणजे सर्वांत रुंद जागा ओलांडल्यावर. हीमेन्झ यांनी मात्र पाण्यात दंडगोल ठेवून दाब प्रत्यक्ष मोजला आणि तोच गणितात घातला. उत्तर आलं ब्याऐंशी अंशांच्या आसपास, आणि प्रयोगातही विलगन जवळपास तिथेच दिसलं. म्हणजे नव्वदच्या अलीकडेच! कारण मागचा भोवऱ्यांचा पट्टा बाहेरच्या प्रवाहाची वाटच बदलतो. दाबाचा तळ नव्वदऐवजी सत्तर अंशांच्या सुमाराला येतो आणि चढण तिथूनच सुरू होते. विलगन दाबामुळे होतं, आणि दाब विलगनामुळे ठरतो.

हे आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या बोगद्यातही दिसतं. पाच सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल, त्याला एकच बारीक छिद्र, छिद्रातून नळी दाब दाखवणाऱ्या पाण्याच्या मॅनोमीटरला. दंडगोल दहा-दहा अंशांनी फिरवायचा आणि वाचन घ्यायचं. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे तिशीच्या तापमानाला इथल्या हवेची घनता 1.09 किलो प्रति घनमीटरच्या आसपास धरावी लागते, पुस्तकातला 1.2 चा आकडा घेतला की मुलांचं उत्तर तिथेच दहा टक्क्यांनी चुकतं. वीस मीटर प्रति सेकंद वेगाला छिद्र अगदी समोर असताना सुमारे बावीस मिलिमीटर पाणी चढतं. सत्तर अंशांना ते उणे अठ्ठावीसच्या आसपास जातं. आदर्श गणिताप्रमाणे ते नव्वदला उणे सहासष्ट व्हायला हवं होतं! ऐंशीच्या पुढे वाचन किंचित वर येतं आणि मग एकशे ऐंशीपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. ही सपाट रेघ म्हणजेच विलगनाची खूण. दाब चढायचा थांबला, म्हणजे प्रवाहाने पृष्ठभाग सोडला.

आता आयफेलच्या गोळ्यांकडे. बाउंडरी लेअर दोन तऱ्हांचा असतो. शांत थरात हवेचे पदर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे लगतच्या दमलेल्या हवेला बाहेरून नवा जोर फारसा मिळत नाही. खळबळलेल्या, म्हणजे टर्ब्युलंट थरात बाहेरची वेगवान हवा सतत आत ढवळली जाते. घर्षण त्यात जास्त असतं, पण पृष्ठभागाजवळची हवा जोमदार राहते आणि चढण बरीच पुढपर्यंत पार करते. गुळगुळीत गोळ्यावर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग गुणिले व्यास गुणिले हवेची घनता भागिले तिचा चिकटपणा, तीन लाखांच्या आसपास पोचला की विलगनाच्या आधीच थर खळबळतो. विलगन ब्याऐंशी अंशांवरून एकशे वीसच्या सुमाराला सरकतं, मागचा पट्टा अरुंद होतो आणि गुणांक 0.5 वरून 0.1 च्या आसपास उतरतो. ही घसरण इतकी तीव्र असते की मधल्या काही वेगांना वेग वाढवूनही प्रत्यक्ष बल कमी भरतं.

हे बोलायला ठीक, पण 1914 मध्ये प्रांटल यांनी ते सिद्ध ज्या पद्धतीने केलं ती बघण्यासारखी आहे. त्यांनी अठ्ठावीस सेंटिमीटर व्यासाचा गोळा घेतला आणि मध्याच्या थोडी पुढे, एक मिलिमीटर जाडीच्या तारेची कडी त्यावर बसवली. वेग तोच, गोळा तोच. नेहमीच्या समजुतीने अडथळा वाढला म्हणजे ड्रॅग वाढायला हवा. तो पडला. धूर सोडून घेतलेल्या छायाचित्रांत तारेशिवायचा रुंद पट्टा आणि तारेनंतरचा अरुंद पट्टा शेजारी शेजारी दिसतात. तारेने थर आधीच खळबळवला होता. आयफेलला जे वेगाने मिळालं, ते प्रांटलनी तारेने कमी वेगाला मिळवलं. याच सुमाराला गॉटिंगेनच्याच विझेल्सबर्गर यांनी गोळ्याऐवजी समोरच्या हवेतच जाळी धरून तोच परिणाम दाखवला. पुढे बोगद्यातली हवा किती शांत आहे हे तपासायला गोळाच वापरायची पद्धत पडली, ती यावरूनच.

गोल्फवाल्यांना हे कारण माहीत नव्हतं, पण गुण माहीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत चेंडू आले आणि खेळून खरचटलेले चेंडू नव्यापेक्षा चांगले जातात हे लोकांच्या लक्षात आलं. मग हातोडीने मुद्दाम खुणा पाडणं सुरू झालं. विल्यम टेलर यांचं खळग्यांचं पेटंट 1905 चं, प्रांटलच्या तारेच्या नऊ वर्षं आधीचं.

येरवड्याच्या मैदानावरून साठ मीटर प्रति सेकंदाने निघालेला चेंडू घ्या. व्यास 42.7 मिलिमीटर, इथल्या हवेत रेनॉल्ड्स अंक दीड लाखाच्या आसपास. गुळगुळीत चेंडू तीन लाखांच्या बराच अलीकडे राहिला, म्हणून गुणांक 0.5 आणि ड्रॅग सुमारे 1.4 न्यूटन. खळग्यांमुळे थर चाळीस-पन्नास हजारांनाच खळबळतो, गुणांक 0.25 धरला तर ड्रॅग 0.7 न्यूटन. चेंडूचं वजन 0.45 न्यूटन. म्हणजे वजनाच्या तिप्पट ड्रॅगऐवजी दीडपट. खळगे उलट्या फिरकीने मिळणारी उचलही वाढवतात, पण तो वेगळा हिशेब.

क्रिकेटचा लेदर चेंडू म्हणजे जणू अर्धीच बसवलेली प्रांटलची तार. शिवण तिरकी धरली की एका बाजूचा थर खळबळतो आणि उशिरा सुटतो, दुसऱ्या बाजूचा शांत थर लवकर सुटतो. मागचा पट्टा एका अंगाला वळतो आणि चेंडू दुसऱ्या अंगाला.

मात्र ‘खरखरीत म्हणजे बरा’ असा सरसकट अर्थ काढू नये. हाच गोल्फचा चेंडू साधारण सोळा मीटर प्रति सेकंदाच्या खाली आला की खळग्यांचा उपयोग संपतो, कारण थर खळबळायलाच तयार नसतो. दुसऱ्या टोकाला, वेग इतका असेल की गुळगुळीत गोळाही तीन-चार लाखांच्या पलीकडे गेला, तर तिथे खरखरीत गोळ्याचा ड्रॅग उलट जास्त भरतो. शिवाय विमानाच्या पंखासारखी वस्तू, जिच्यावरून नेहमीच्या उड्डाणात प्रवाह मुळात सुटतच नाही, तिथे खरखरीतपणाने फक्त घर्षण वाढतं.

आमच्या दंडगोलावर पंचावन्न अंशांच्या जवळ दोन्ही बाजूंना जाड सँडपेपरची चिंचोळी पट्टी चिकटवली की मागच्या सपाट रेघेचं वाचन उणे चोवीसवरून उणे पंधराच्या आसपास चढतं. वेग अर्धा केला की पट्टी असूनही रेघ बहुतेक पुन्हा खाली जाते, अर्थात नव्या वेगाच्या मानाने.